माझा जन्म त्यांच्या नोंदींशी जुळत नाही

माझा जन्म ५ ऑगस्ट १९७८ रोजी झाला. ही तारीख मी आजवर शेकडो अर्जांवर न अडखळता लिहीत आले आहे. रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. गेल्या ऑक्टोबरपर्यंत या तारखेबद्दल माझ्या किंवा इतर कुणाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग मी फोन बदलला.

नव्या फोनवर ईमेलचं खातं उघडायला गेले. पासवर्ड वहीत लिहिलेला होता, तो टाकला, तो बरोबरही निघाला. तरी पडद्यावर आलं की, हे उपकरण आमच्या ओळखीचं नाही, तेव्हा तुमच्या क्रमांकावर एक कोड पाठवला आहे. कोड खरंच गेला होता, पण मी चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या क्रमांकावर. तो क्रमांक आता कुणाकडे आहे कोण जाणे! त्या बिचाऱ्याला त्या दिवशी माझ्यामुळे सात कोड गेले.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हा क्रमांक आता तुमच्याकडे नाही?’ त्यावर टिचकी मारली तर एक फॉर्म उघडला. रकाने तीनच होते: पूर्ण नाव, जुना क्रमांक आणि जन्मतारीख. मी हसलेच. एवढंच ना? तिन्ही गोष्टी मला पाठ होत्या. भरलं, बटण दाबलं, आणि चहा ठेवायला उठणार तेवढ्यात तांबड्या अक्षरांत उत्तर आलं:

‘तुम्ही दिलेली माहिती आमच्या नोंदींशी जुळत नाही.’

पहिल्यांदा वाटलं, टाइप करताना चूक झाली असेल. पुन्हा भरलं, या वेळी एका बोटानं. जुळत नाही. तिसऱ्यांदा चष्मा लावला, चष्मा पुसला, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत भरला. त्यावर फॉर्मनं जाहीर केलं की, फार प्रयत्न झाले, आता चोवीस तासांनी या. शाळेत अंगठे धरून उभं केल्यावर वाटायचं तसं वाटलं. फरक इतकाच की शाळेत निदान काय चुकलं ते सांगायचे.

ती रात्र मी आत्मपरीक्षणात घालवली. तीनपैकी नेमकं काय जुळत नाही, हे फॉर्म बोलतच नव्हता. संशय आधी नावावर गेला. लग्नाआधीचं आडनाव, लग्नानंतरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव, मधे नवऱ्याचं नाव. बाईच्या जातीला नावाच्या बाबतीत पर्याय भरपूर. पण नवऱ्यानं एक शहाणपणाची गोष्ट सुचवली (वर्षातून एखादी सुचवतो, यंदाची ही). म्हणाला, “तू कुणाला पाठवलेलं जुनं मेल बघ की. त्यावर तुझं नाव खात्यात आहे तस्संच दिसणार.” धाकट्या भावाच्या डब्यात माझी पंधरा वर्षांची मेलं पडून होती. त्यानं एकाचा फोटो काढून पाठवला. नाव मी भरलं होतं तेच, अक्षर न् अक्षर. जुना क्रमांक कपाटातल्या बिलावर होता, तोही तोच. म्हणजे तिघांपैकी दोघे निर्दोष सुटले. आरोपीच्या पिंजऱ्यात उरली एकटी जन्मतारीख.

आता मनात पाल चुकचुकलीच. मी आईला फोन लावला.

“आई, माझा जन्म नक्की पाच ऑगस्टचाच ना?”

पलीकडे क्षणभर शांतता.

“म्हणजे काय? मी होते ना तिथं!”

“नाही, म्हणजे कागदावर काही वेगळं...”

“कोण विचारतंय?”

“कॉम्प्युटर.”

“त्याला म्हणावं, तू होतास का तिथं?”

हा मुद्दा बिनतोड होता, पण फॉर्ममध्ये तो लिहायला रकाना नव्हता.

मग मी माझ्या भाच्याला गाठलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि असल्या फॉर्मांच्या पोटात काय असतं ते त्याला ठाऊक आहे, कारण त्यातले काही त्यानंच भरून ठेवलेले असतात. सगळं ऐकून तो म्हणाला, “मावशी, तुझा एक मूलभूत गैरसमज होतोय. तू कधी जन्मलीस हे तो फॉर्म विचारतच नाहीये.”

“मग जन्मतारीख म्हणजे काय माझी पत्रिका जुळवतोय का?”

“खातं उघडताना तू काय सांगितलं होतंस, ते विचारतोय. त्या दिवशी जे पडलं त्या रकान्यात, ते कायमचं खरं. त्याच्या लेखी तो एक पासवर्ड आहे. तू त्या दिवशी आइनस्टाइनची जन्मतारीख टाकली असशील तर आज तुला आइनस्टाइनचीच टाकावी लागेल.”

“पण मी कशाला खोटं सांगेन?”

“सगळे सांगतात,” तो म्हणाला आणि त्यानं मला त्यामागचा इतिहास सांगितला. तो मला पटला, म्हणून इथं सांगते. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला आणि २००० सालच्या एप्रिलपासून तो लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, असा तो कायदा. झालं, तेव्हापासून सगळ्या संकेतस्थळांच्या दारात एक रखवालदार बसला: जन्मतारीख सांगा आणि आत या. त्या रखवालदाराला एकाच गोष्टीशी मतलब होता, तेरा पुरी आहेत की नाहीत. पुरावा तो मागत नव्हता. मग लोक हाताला येईल ती तारीख टाकून आत शिरायचे. मुलं वय वाढवायची, मोठ्यांना दिवस-महिन्याच्या याद्या उलगडायचा कंटाळा यायचा. इथवर कुणाचंच काही बिघडलं नाही. घोळ झाला तो पुढं. खातं हरवलेल्या माणसाची ओळख कशी पटवायची, हा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी फडताळात बघितलं आणि म्हणालं, “अरे, आपल्याकडे जन्मतारखा आहेत की!” दारावर वेळ मारून नेण्यासाठी मारलेली थाप अशी कोर्टातली साक्ष होऊन बसली.

“पण काय चुकलंय ते तरी सांगावं की नाही त्यानं?”

“सांगितलं तर चोराचं फावेल. नाव बरोबर, तारीख चूक, असं कळलं की तो एकेक रकाना सोडवत जाईल. म्हणून सगळ्याला मिळून एकच ‘जुळत नाही’.”

म्हणजे चोराला कळू नये म्हणून मालकिणीलाही कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, “ठीक आहे, मग मी आत जाऊन तारीख दुरुस्त करते.” भाचा म्हणाला, “दुरुस्तीची सोय खात्याच्या सेटिंगमध्ये असते.” मी म्हटलं, “तेच म्हणते मी, तिथं जाते.” तो म्हणाला, “त्यासाठी आधी आत जावं लागेल.” मी म्हटलं, “आत जायला तारीख दुरुस्त व्हायला हवी.” यानंतर आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

मदत विभाग म्हणून एक चीज असते, तिलाही मी शरण गेले. त्यांनी सरकारी ओळखपत्राची प्रत मागवली. मला हायसं वाटलं. आता निदान माणूस बघेल, फोटो बघेल, चेहऱ्यावरचा सोशिकपणा बघेल. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘आपण पाठवलेल्या ओळखपत्रावरील जन्मतारीख खात्यातील जन्मतारखेशी जुळत नसल्यामुळे आपण खातेधारक असल्याची खात्री पटवता येत नाही.’ म्हणजे मी मीच आहे याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा मी पाठवला, आणि त्या पुराव्यानंच सिद्ध झालं की मी मी नाही. मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर एका मिनिटात आभाराचं पत्र आलं. एका मिनिटात कुणी माझं लांबलचक काही वाचत नाही, हे मला घरच्या अनुभवावरून माहीत आहे.

तेव्हा तपास आपला आपणच करायचा ठरलं. भाच्यानं फोनवरून तीन संशयित सांगितले, आणि दिवसाला प्रयत्नही तीनच मिळत होते. सोय झाली.

पहिला संशयित: दिवस आणि महिन्याची अदलाबदल. काही देशांत आधी दिवस लिहितात, अमेरिकेत आधी महिना. आपण ०५/०८ लिहून पाच ऑगस्ट म्हणतो, अमेरिकी फॉर्म त्याला आठ मे समजतो आणि चूपचाप ठेवून घेतो. दिवस तेरा किंवा त्यापुढचा असता तर फॉर्म ओरडला असता, कारण तेरावा महिना नसतो. भाचा म्हणाला, वर्षात अशा १३२ तारखा आहेत ज्या उलट्या केल्या तरी फॉर्मला पत्ता लागत नाही. बारा दिवस गुणिले बारा महिने, त्यातून एक जानेवारी, दोन फेब्रुवारी अशा उलटसुलट सारख्याच असणाऱ्या बारा वजा. पाच ऑगस्ट त्या १३२ मध्ये बसते. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तेव्हा हे आधी सांगायला हवं होतं, आठ दिवस थांबले असते.

दुसरा संशयित जरा वरच्या पातळीवरचा. काही यंत्रणा जन्मतारीख ही तारीख म्हणून ठेवत नाहीत, ‘क्षण’ म्हणून ठेवतात. पाच ऑगस्ट, मध्यरात्रीचा ठोका. मग तो क्षण ग्रीनिचच्या घड्याळात बदलून लिहितात. ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांची मध्यरात्र होते तेव्हा तिथं अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ किंवा दुपार चालू असते. मग यंत्रणा वेळ पुसून फक्त तारीख ठेवते, आणि माणूस एक दिवस आधी जन्मतो, चार ऑगस्टला. मला ही कल्पना फार आवडली. डॉक्टर येण्याच्या आत मी हजर.

तिसरा संशयित: १ जानेवारी १९७०. युनिक्स जातीच्या यंत्रणा काळ सेकंदांत मोजतात आणि त्यांचा शून्याचा सेकंद त्या दिवशी मध्यरात्री ग्रीनिचला पडतो. जिथं तारीखच नोंदली गेली नाही, शून्य उरलं, तिथं पडद्यावर हीच तारीख उगवते. ग्रीनिचच्या पश्चिमेला घड्याळ मागं असल्यामुळे तीच ३१ डिसेंबर १९६९ होऊन दिसते. जगातल्या कित्येक रिकाम्या रकान्यांचा हा सामुदायिक वाढदिवस.

दुसऱ्या दिवशी तिन्ही टाकून बघितल्या. आठ मे, जुळत नाही. चार ऑगस्ट, जुळत नाही. एक जानेवारी सत्तर टाकताना तर माझा हात थरथरला, एका दमात साडेआठ वर्षांनी म्हातारी झाले आणि तरी जुळले नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याजवळ कुरकुरत होते की, इतकी वर्षं वापरलेलं खातं, आणि साधी ओळख दाखवत नाही. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “ओळख कुठली दाखवणार? तुझ्या वाढदिवसाला त्यांनी कधी साध्या शुभेच्छा दिल्या नाहीत. एक जानेवारीला मात्र फुगे उडवायचे.”

मी जागच्या जागी उभी राहिले.

फुगे! दर एक जानेवारीला मेल उघडलं की पडद्याच्या तळातून रंगीबेरंगी फुगे वर जायचे आणि मधे केक यायचा. मला वाटायचं, नव्या वर्षाच्या शुभेच्छा आहेत. नव्या वर्षाला केक कशाला, असा प्रश्न मला पंधरा-सोळा वर्षांत एकदाही पडला नाही. उलट मी एकदा भावाला कौतुकानं म्हटलंही होतं की, ही कंपनी माणुसकी जपून आहे. ते लोक दरवर्षी नित्यनेमानं मला माझी जन्मतारीख सांगत होते, आणि मी ‘बंद करा’वर टिचकी मारत होते.

दिवस आणि महिना सापडला. आता वर्ष. १ जानेवारी १९७० तर टाकून झालं होतं. तिसऱ्या दिवशी मोठ्या विश्वासानं १ जानेवारी १९७८ टाकलं. जुळत नाही. मग १ जानेवारी १९००, कारण काही याद्या तिथून सुरू होतात असं भाच्यानं सांगितलं होतं. शंभरी केव्हाच ओलांडलेली मीही जुळले नाही. तिसरा प्रयत्न राखून ठेवला आणि भावाला फोन लावला, कारण २००६ साली माझं खातं त्यानं उघडून दिलं होतं. मी तेव्हा आत कपाट आवरत होते आणि तो बाहेर कॉम्प्युटरपाशी बसून ओरडून प्रश्न विचारत होता, एवढं मला आठवत होतं.

“तू माझी जन्मतारीख काय टाकलीस?”

“ताई, अठरा वर्षं झाली गं. मला काल काय केलं ते आठवत नाही.”

“आठव. मी आत होते. तू विचारलंस का मला तारीख?”

“तारीख कशाला विचारीन? मला माहीत आहे की. तू अठ्ठ्याहत्तरची, पाच ऑगस्ट.” मग जरा थांबून म्हणाला, “एक आठवतंय. आधी ते पुढंच जाईना. लाल अक्षरात काहीतरी आलं, वय कमी आहे म्हणून. मी हसलो होतो, ताईचं वय कमी आहे म्हणे!”

“मग?”

“मग वर्ष बदललं आणि गेलं पुढं.”

“फक्त वर्ष?”

“...बहुतेक.”

इथं मला सगळा प्रसंग डोळ्यांसमोर दिसायला लागला. तीन याद्या शेजारीशेजारी. आपण हात लावायच्या आधीच त्यांत काहीतरी भरून ठेवलेलं: दिवस १, महिना जानेवारी, वर्ष २००६. भावानं नाव भरलं, पासवर्ड भरला, तारखेकडे न बघता बटण दाबलं. फॉर्मच्या हिशेबानं मी त्या वर्षीच्या जानेवारीत जन्मले होते आणि काही महिन्यांची असताना ईमेल मागत होते. साहजिकच रखवालदारानं अडवलं. पण तक्रार केली ती फक्त वयाची. म्हणून भावानं वर्ष सुधारलं. दिवस आणि महिना यांच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्यानं त्या याद्यांत काहीच भरून ठेवलं नसतं, नुसतं ‘निवडा’ लिहिलं असतं, तर माझा भाऊ दोन टिचक्या जास्त मारता आणि मी आज सुखी असते. भाच्याला हे ऐकवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्यानं असे किती केलेत, हे मी विचारलं नाही. नात्यात काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या.

“पण वर्ष तू अठ्ठ्याहत्तरच टाकलंस ना?”

“अर्थात. यादीत खाली खाली जाऊन बरोबर अठ्ठ्याहत्तरवर थांबवलं. त्या तुझ्या माऊसचं चाक काय भन्नाट फिरायचं गं! नुसतं बोट लावलं की...”

तो बोलायचा थांबला. मीही. तो माऊस मला आजही हातात धरल्यासारखा आठवतो. पोटात रबरी गोळी, तिला चिकटलेला मळ नखानं खरवडावा लागायचा, आणि पाठीवर ते चाक. चाकाची पकड गेलेली होती, त्यामुळे ते बोटाच्या नुसत्या इशाऱ्यावर धावायचं.

भाच्याला परिषदेत घेतलं. त्यानं एका वाक्यात निकाल दिला: “यादीतून वर्ष निवडल्यावर यादी मिटते, पण लक्ष तिच्यावरच राहतं. मग पान खाली न्यायला चाक फिरवलं की पान हलत नाही, वर्ष हलतं.”

म्हणजे भावानं १९७८ निवडलं. मग ‘मला अटी मान्य आहेत’ हे तळाशी होतं, तिथं जायला त्यानं चाक फिरवलं. पान हललं नाही. पुन्हा फिरवलं. नाही हललं. मग त्यानं पानावर कुठंतरी मोकळ्या जागी टिचकी मारली, पान मुकाट्यानं खाली सरकलं आणि त्याच्या मनातून तो प्रसंग गेला. दरम्यान यादीत मी एकेक वर्षानं म्हातारी होत होते. यादी वरून खाली जुन्या वर्षांकडे जाणारी, त्यामुळे घसरण एकाच दिशेनं. रखवालदारानं हूं की चूं केलं नाही, कारण वय वाढलं तर त्याची काहीच हरकत नसते. माणसांत याच्या अगदी उलट असतं.

“किती खाचा फिरवलंस?” मी भावाला विचारलं.

“ताई!”

मग मोजणी हातानं करणं भाग होतं. राखून ठेवलेल्या तिसऱ्या प्रयत्नात १ जानेवारी १९७७. जुळत नाही. चोवीस तास. पुढच्या दिवशी मला धीर निघेना आणि मी तासभर आधीच घुसले, तर फॉर्मनं नवे चोवीस तास ठोठावले. हे माझ्यासारख्या उतावळ्यांनी ध्यानात ठेवावं: मुदत संपायच्या आत दारावर थाप मारली की काही दारांवरचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. भाच्यानं आणखी एक बजावलं होतं की, सगळे प्रयत्न घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून आणि घरच्याच इंटरनेटवरून कर. जिथून तू वर्षानुवर्षं आत गेलीस, तिथली थाप त्यांना जरा ओळखीची वाटते. नव्या फोनवरून ठोठावलंस तर तारीख बरोबर असूनही ते बिचकतील.

म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरपाशी बसले. १९७६. जुळत नाही. १९७५. जुळत नाही. दोन प्रयत्न झाले होते, हातात एक उरला होता, आणि माझ्या मनात भावाचं बोट चाकावर फिरत होतं. एकदा, पान हललं नाही. पुन्हा, नाही हललं. तिसऱ्यांदा जरा जोरात. चौथ्यांदा वैतागून. चारनंतर माझा भाऊ कुठलीही गोष्ट सोडून देतो. त्यानं व्हायोलिनही चौथ्या धड्याला सोडलं होतं. मी १ जानेवारी १९७४ टाकलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तर समोर सगळं होतं. नऊ हजारांवर न वाचलेली मेलं, वडिलांनी पाठवलेली पत्रं, मुलीच्या पहिल्या दाताचा फोटो, आणि सगळ्यात वर ताजं मेल: ‘कुणीतरी तुमच्या खात्यात शिरण्याचा वारंवार प्रयत्न करत आहे. ते तुम्ही नसाल तर त्वरित कळवा.’

पहिलं काम नवा क्रमांक नोंदवण्याचं केलं. दुसरं, पर्यायी ईमेल म्हणून मुलीचा पत्ता दिला. तिसरं, फोनवर कोड येऊ शकला नाही तर वापरायचे म्हणून दहा सुटे कोड मिळतात, ते छापून कपाटात ठेवले, त्या जुन्या बिलाच्या शेजारी. मग सेटिंगमध्ये जाऊन जन्मतारखेच्या रकान्यापाशी आले. शेजारी एक पेन्सिल होती, तिच्यावर टिचकी मारली की दुरुस्ती. भाचा फोनवर होता.

“करू का खरी?”

“तशी खोटी असलेली काही वाईट नाही,” तो म्हणाला. “खरी तारीख सगळ्या जगाला माहीत आहे. शंभर जण तुला पाच ऑगस्टला उघड्यावर शुभेच्छा देतात. पासवर्ड असा कुणी फळ्यावर लिहितं का?”

“मग खोटीच ठेवू?”

“पण एक जानेवारी चोराला पहिली सुचते. निम्म्या आळशी जगानं तीच ठेवलीय. तुला वाचवलं असेल तर फक्त त्या चार खाचांनी.”

मी पेन्सिलीवर टिचकी मारली. तारीख बदलण्याआधी एक सूचना आली: जन्मतारीख वारंवार बदलता येत नाही, तेव्हा खात्री करून घ्या. खाली रकाना, त्यात फिकट अक्षरात आधीच काहीतरी लिहिलेलं. दिवस आधी की महिना आधी, ते कुठंच लिहिलं नव्हतं. मी त्या रकान्याकडे पाहिलं, १३२ तारखा आठवल्या, माऊसच्या चाकावरून बोट अलगद उचललं आणि पान बंद केलं.

वहीत पासवर्डखाली लिहून ठेवलं: ‘जन्म १ जाने. १९७४. खोटा. बदलू नये.’

दिवाळीच्या आवराआवरीत ती वही आईच्या हाती लागली. तिनं ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचलं, आणि मला काही म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही. एक जानेवारीला सकाळी मेल उघडलं, फुगे वर गेले, केक आला. या वेळी मी ‘बंद करा’ म्हटलं नाही, सगळे फुगे वर जाईपर्यंत बसून पाहिले. तेवढ्यात फोन वाजला.

“एक्कावन्न झाली ना गं आज?” आई म्हणाली. “त्यांच्याकडची.”